बॉट हिरवा, तारखा चुकलेल्या

पेमेंट रनची, म्हणजे एका वेळी पैसे द्यायच्या बिलांची, यादी यावेळी एवढी छोटी कशी, असं व्हेंडरची बिलं चुकती करणाऱ्या आमच्या एपी विभागातल्या सीनियर मॅडमनी विचारलं. पहिला अंदाज असा की बिलंच कमी आली असतील. पण बिलं कंपनीच्या हिशेबाच्या सिस्टीममध्ये, म्हणजे ईआरपीत, टाकणाऱ्या बॉटचा डॅशबोर्ड बघितला तर बिलं नेहमीएवढीच, सगळी सक्सेसफुल, एक पण फेल नाही. खरं सांगायचं तर मला तिथेच खटकलं, कारण रोज एखाददोन बिलं तरी अडकतातच, बहुतेक वेळा दुसऱ्यांदा आलेलं बिल. एवढी शिस्त व्हेंडर लोकांना एकदम कुठून आली?

आमचा आरपीए बॉट काय करतो ते आधी सांगतो. स्कॅन केलेल्या बिलातून वाचलेला डेटा एका क्यूमध्ये येतो, एपीतली माणसं त्यावर नजर टाकतात, मग बॉट स्वतःच्या युजर आयडीने ईआरपीत लॉगिन करतो, बिल एंट्रीचा फॉर्म उघडतो आणि माणसासारखा एकेक रकाना भरून पोस्ट दाबतो. व्हेंडर, बिल नंबर, बिलाची तारीख, पोस्टिंगची तारीख, रक्कम, टॅक्स कोड. बस.

तर मी आणि मॅडम एक बिल घेऊन बसलो. कागदावर तारीख 3 मार्च, अटीप्रमाणे 30 दिवसांत पैसे द्यायचे म्हणजे ड्यू डेट 2 एप्रिल. ईआरपीत बघतो तर बिलाची तारीख 20 मार्च, म्हणजे ज्या दिवशी बॉटने एंट्री केली तो दिवस, आणि ड्यू डेट 19 एप्रिल. सतरा दिवस पुढे गेली. दुसरं बिल काढलं, तेच. तिसरं, तेच. बॉटने टाकलेल्या प्रत्येक बिलावर बिलाची तारीख म्हणजे एंट्रीची तारीख, मग पेमेंटच्या यादीत बिलं येणार कुठून, सिस्टीमच्या मते त्यांचे पैसे द्यायला अजून वेळ होता ना.

आणि मूळ तारीख कुठे गेली? ती तिथेच होती, फक्त शेजारच्या रकान्यात. ईआरपीला नुकताच अपडेट आला होता आणि त्यात फॉर्मवर एक नवीन रकाना आला होता, ‘पुरवठ्याची तारीख’, बिलाच्या तारखेच्या बरोबर आधी, ऑप्शनल. रिलीज नोटची मेल सगळ्या युजरना गेली होती म्हणे. बॉट पण युजरच आहे, त्यालाही गेली असेल, पण त्याचा मेलबॉक्स उघडतो कोण.

आता बॉट रकाना कसा शोधतो ते बघा. या ईआरपीची स्क्रीन ब्राउझरमध्ये चालते आणि रकान्यांचे आयडी प्रत्येक लॉगिनला बदलतात, त्यामुळे आयडीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून बॉट बनवताना तारखांचे रकाने सिलेक्टरमध्ये, म्हणजे रकाना कुठला ते सांगणाऱ्या ओळीत, क्रमांकाने पकडले होते:

```
<webctrl tag='INPUT' class='date-field' idx='1' />
<webctrl tag='INPUT' class='date-field' idx='2' />
```

म्हणजे स्क्रीनवरचा पहिला तारखेचा रकाना म्हणजे बिलाची तारीख, दुसरा म्हणजे पोस्टिंगची. नवीन रकाना वर येऊन बसल्यावर पहिला झाला पुरवठ्याची तारीख आणि दुसरा झाला बिलाची तारीख. बॉटने 3 मार्च पहिल्यात टाकली, आजची तारीख दुसऱ्यात टाकली. तिसरा, म्हणजे पोस्टिंगचा रकाना, त्याने हात न लावता तसाच राहिला, पण तिथे सिस्टीम स्वतःहूनच आजची तारीख भरते. त्यामुळे कुठेच काही रिकामं नाही, कुठेच लाल अक्षरं नाहीत. तारखेच्या रकान्यात रक्कम गेली असती तर सिस्टीमने तिथल्या तिथे आरडाओरडा केला असता आणि पहिल्याच बिलाला बॉट थांबला असता. इथे तारखेच्या जागी तारीखच गेली, तक्रार कोण करणार.

तुम्ही म्हणाल, टाकल्यावर चेक नव्हता का? होता ना! बॉट प्रत्येक रकाना भरल्यावर परत वाचून क्यूमधल्या डेटाशी जुळवायचा. पण वाचायचा त्याच सिलेक्टरने. पहिल्या रकान्यात 3 मार्च टाकली, पहिल्या रकान्यातून 3 मार्च वाचली, जुळलं, हिरवा. हा चेक म्हणजे परीक्षा देणाऱ्यानेच स्वतःचा पेपर तपासल्यासारखा. टाइप झालं का एवढंच त्यातून कळतं, योग्य रकान्यात झालं का ते नाही.

लांबलेल्या ड्यू डेट निस्तरता येतात, जास्त भीती वेगळीच होती. आमच्या सिस्टीमचा डुप्लिकेट चेक चार गोष्टी बघतो, व्हेंडर, बिल नंबर, बिलाची तारीख आणि रक्कम. चारही जुळल्या तरच अडवतो. पैसे यायला उशीर झाला की व्हेंडर तेच बिल परत पाठवतात, ते आपलं नेहमीचंच. अपडेटच्या आधी टाकलेल्या बिलावर कागदावरची तारीख, नंतर परत आलेल्या त्याच बिलावर एंट्रीची तारीख, सिस्टीमच्या दृष्टीने दोन वेगळी बिलं. एकही डुप्लिकेट अडकत नव्हतं ते यामुळे! व्हेंडर शिस्तीचे झाले नव्हते, गाळणीच फाटली होती.

बॉट बंद केला आणि निस्तरायला बसलो. बॉटचा आयडी वेगळा आहे हे फार कामाला आलं, कारण अपडेटनंतर त्या आयडीने टाकलेली सगळी बिलं एका रिपोर्टमध्ये काढता आली. कोणाच्या तरी लॉगिनवर बॉट चालवत असतो तर माणसाची आणि बॉटची बिलं वेगळी करता करताच वाट लागली असती. रिपोर्ट आणि क्यूचा डेटा बिल नंबरवर जुळवला, मग तारीख सोडून फक्त व्हेंडर, बिल नंबर आणि रक्कम यांवर डुप्लिकेट शोधले. काही जोड्या निघाल्या, त्यातल्या एकीचे दोन्ही पैसे गेलेले होते, ते व्हेंडरच्या पुढच्या बिलातून वळते करायचं ठरलं. बाकी बिलांची तारीख पोस्ट झाल्यावर बदलताच येत नाही, म्हणून रिव्हर्स करून परत टाकावी लागली. महिना अजून क्लोज झाला नव्हता हे नशीब.

बॉटमध्ये मग दोन मुख्य बदल केले. एक, रकाना आता लेबलला धरून शोधायचा, ‘बिलाची तारीख’ या अक्षरांच्या शेजारचा रकाना, कितव्या नंबरचा का असेना. शिवाय रन सुरू व्हायच्या आधी बॉट फॉर्मवरची सगळी लेबलं क्रमाने वाचतो आणि साठवलेल्या यादीशी ताडून बघतो, एक जरी जास्त किंवा कमी दिसलं तर एकही बिल न टाकता थांबतो. दुसरं, चेक स्क्रीनवरून काढून टाकला. पोस्ट झालेल्या बिलांचा रिपोर्ट वेगळ्या वाटेने थेट ईआरपीतून येतो आणि एक छोटी स्क्रिप्ट तो क्यूशी जुळवते. पेमेंट रन त्यानंतरच.

एंट्रीच एपीआयने, म्हणजे स्क्रीन न उघडता एका प्रोग्रामने थेट ईआरपीशी बोलून, का नाही करत असं आमच्या आयटीवाल्याने विचारलं. बरोबर आहे, जिथे एपीआय मिळतो तिथे बॉटने स्क्रीनवर टाइप करत बसू नये असं माझंही मत आहे. आमच्याकडे रिपोर्ट बाहेर काढायची परवानगी आहे, बिल आत टाकायचा मॉड्यूल घेतलेला नाही, म्हणून एंट्री स्क्रीनवरूनच.

लेबलच्या चेकचा त्रासही आहे. पुढच्या अपडेटला कोणीतरी ‘बिल नं.’चं ‘बिल क्रमांक’ केलं आणि बॉट सकाळी सकाळी थांबला, रकाना तोच, फक्त नाव बदललेलं. एपीवाले वैतागले, बिलं दुपारपर्यंत पडून राहिली. नवीन नाव बॉटनेच ओळखून पुढे जावं अशी मागणी आली, ती मी मान्य केली नाही. आता बॉट थांबला की फॉर्मचा फोटो मॅडमना जातो, त्या बघून ओके म्हणाल्या की नवीन लेबल यादीत जातं, आणि त्या दिवसाचं पहिलं बिल पोस्ट न करता पार्क करून ठेवतो, ते त्या स्वतः उघडून कागदाशी जुळवतात, मगच बाकीची सुटतात.