दोनशे दोन गोल

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या कॅलेंडरवर 1 जानेवारीपासून 21 जुलैपर्यंत रोज एक लाल गोल आहे. एकूण दोनशे दोन. एकही दिवस न चुकवता धावायचं, आणि तो दिवस मोजला जावा म्हणून निदान एक मैल, म्हणजे 1.6 किलोमीटर धावायचं, एवढाच या खेळाचा नियम. आमच्या सौभाग्यवती याला 'सोवळं' म्हणतात.

सोवळ्याचा फायदा मात्र खरा. एरवी सकाळी 'आज जाऊ की नको' या चर्चेतच माझा अर्धा तास जायचा. साखळी सुरू झाल्यावर तो प्रश्नच उरला नाही. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला की बूट चढवायचे आणि म्हार्दोळच्या रस्त्याला लागायचं. गोव्याच्या पावसात इतर कुठल्याही उपायाने मी घराबाहेर पडलो नसतो. एकदा पणजीहून घरी यायलाच रात्रीचे साडेअकरा झाले, तर छत्री घेऊन गल्लीत फेऱ्या मारल्या आणि बाराच्या आत मैल पुरा केला. कुत्र्यांनी साथ दिली.

जूनच्या मध्याला दम चांगला वाढला, म्हणून रोजच्या तीन किलोमीटरचे सहा केले. चूक तिथेच झाली आणि ती कळायला महिना लागला. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडाची चाल वेगळी. जास्त भार आला की हाड स्वतःची डागडुजी काढतं; पण आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मगच नवा भरतं. घराचं जुनं छप्पर उतरवलंय, नवी कौलं अजून चढायचीत, तशी ही अवस्था. भार वाढवल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सगळ्यात कच्चं असतं, आणि नेमकं तेव्हाच धावणाऱ्याला वाटतं की आपण आता पक्के झालो. आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी घेणाऱ्याच्या हाडाला थोडी उसंत मिळते. माझ्या कॅलेंडरवर उसंतीला चौकोनच नव्हता.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली. सुरुवातीला आतल्या कडेने वीतभर दुखायचं आणि पाच मिनिटं धावलं की थांबायचं. हे नेहमीचं नडगीचं दुखणं, धावणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना होतं. मी लगेच पुन्हा मैलावर आलो आणि स्वतःला सांगितलं की ही विश्रांतीच आहे. साखळीवाल्यांची ही लाडकी पळवाट. हिशेब मांडला तर एका मैलात सुमारे सोळाशे पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पाय आठशे वेळा आपटतो, तेही दर वेळी शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोराने. पोखरलेल्या हाडाला ही विश्रांती कशी वाटेल?

आठवड्याभरात दुखण्याने रूप बदललं. वीतभराचं आक्रसून एका बोटाखाली मावेल एवढ्या जागेत आलं. आता धावताना ते थांबायचं नाही, उलट वाढायचं. मग रात्री अंथरुणावर पडल्यापडल्याही ठणका लागू लागला. 21 तारखेला मी पाय ओढत गोल पुरा केला आणि संध्याकाळी त्याच पायावर उडी मारून पाहिली. उडी जमली, पण खाली टेकताना ओरडलो.

सौ. दारातून म्हणाल्या, "अहो, कितवा दिवस?"

"दोनशे दोन."

"मग दोनशे तिसरा डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी आधी अंगठ्याने दाबून तीच जागा शोधली. एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा मी खूश झालो, तर ते म्हणाले, "पहिले दोन-तीन आठवडे तो बहुधा स्वच्छच येतो, तुम्ही हुरळू नका." एमआरआयमध्ये मात्र दिसलं: हाडावर ताण, चीर पडण्याच्या बेतात. सहा ते आठ आठवडे धावणं बंद, चालणं न दुखेल तेवढंच. हाच डाग नडगीच्या पुढच्या कडेला किंवा मांडीच्या हाडाच्या मानेत असता, तर प्रकरण याहून बरंच वाईट झालं असतं, असंही त्यांनी सांगितलं.

इंग्लंडचे मॅरेथॉनपटू रॉन हिल यांनी 1964च्या डिसेंबरात साखळी धरली आणि 52 वर्षांनी, जानेवारी 2017 मध्ये, धावताना छातीत दुखलं तेव्हा सोडली. एवढी लांब साखळी सोडणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आधी आदर होता, आता थोडा हेवाही वाटतो. माझ्या दोनशे दोनला एवढा मान नाही.

22 जुलैच्या चौकोनात मी काही लिहिलं नाही. पोदेर भोंगा वाजवत आला, तेव्हा बूट न घालता चपलेवर फाटकापर्यंत गेलो. पाव घेतले, पैसे दिले. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "आज धावूंक ना?"

"ना," म्हणालो. परत येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर नडगी पुन्हा बोलली.