प्रश्न सदतिसावा

आमची आठवी 2010 ची. एनटीएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीचा तास शाळा सुटल्यावर व्हायचा आणि तो भूगोलाच्या बाई घ्यायच्या. सराव प्रश्नसंच विकत आणायची ऐपत सगळ्यांची नव्हती, म्हणून बाई शनिवारी स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसून प्रश्न उतरवायच्या, प्रिंट काढायच्या आणि झेरॉक्स आम्हाला द्यायच्या.

त्या प्रिंटमध्ये जोड्या लावायच्या प्रश्नांची एक खोड होती. तेव्हा मराठी मजकूर नेटवर टाकायचा म्हणजे फॉन्टचा घोळ. एकाच्या कॉम्प्युटरवर सुबक दिसणारं दुसऱ्याकडे अगम्य चिन्हांत उघडायचं. त्यातून दोन रकान्यांची मांडणी तर हमखास विस्कटायची, म्हणून लोक ‘अ’ गट आणि ‘ब’ गट यांचं चित्र करून चिकटवायचे. पुढे कोणीतरी ते चित्र काढून टाकलं, की आमच्या हाती रिकामी चौकट, कोपऱ्यात बारीकशी फुली आणि खाली पर्याय तेवढे उरायचे.

असाच एक सदतिसावा प्रश्न होता. ‘योग्य जोड्या लावा’, मग चौकट, मग हे:

(1) अ-3, ब-1, क-4, ड-2
(2) अ-3, ब-4, क-1, ड-2
(3) अ-2, ब-1, क-4, ड-3
(4) अ-3, ब-1, क-2, ड-4

बाकीचे तो प्रश्न सोडून पुढे गेले. मी मात्र बोट वर केलं, “बाई, उत्तर एक.” माझी युक्ती सोपी होती. अ-3 तीनदा आलंय, ब-1 तीनदा, क-4 दोनदा आणि ड-2 दोनदा. सगळ्यात जास्त गर्दी ज्या पर्यायात, तो बरोबर. पर्याय करणारा खरी जोडी धरून ठेवतो आणि एकदोन ठिकाणी बिघडवतो, एवढं मला कळलेलं. बाईंनी मागचं उत्तरपान पाहिलं. उत्तर एकच होतं. मी कॉलर ताठ केली.

“छान. आता सांग, अ म्हणजे कोण?”

मी गप्प. बाई म्हणाल्या, “बसा सगळे. पर्याय एक बरोबर ठरेल अशा दोन याद्या चौकटीत लिहा.”

आम्ही सांगलीची पोरं, मी अर्थातच कृष्णा घेतली. अ वेण्णा, ब कोयना, क येरळा, ड वारणा. समोर 1 कराड, 2 हरिपूर, 3 माहुली, 4 ब्रह्मनाळ. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडला, येरळा ब्रह्मनाळला आणि वारणा हरिपूरला. हरिपूर तर आमचं सायकलवरचं, संगमेश्वराच्या देवळामागे दोन पाणी एक होताना कितीदा पाहिलेलं. शेजारच्या बाकावरच्या इतिहासवेड्यानं तह लिहिले: अ पुरंदर, ब सालबाई, क वसई, ड मंगळूर, समोर 1 1782, 2 1784, 3 1665, 4 1802.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. दोन्ही पर्याय एकला चपखल बसत होते. त्याला एवढंच म्हणाल्या, “पुरंदरचा तह 1776 लाही झालाय. यादीत ते साल नाही म्हणून वाचलास.” मग वर्गाला विचारलं, “यातला खरा सदतिसावा कुठला?”

कोणालाच सांगता येईना. छत्तीसावा मान्सूनवर होता, अडतिसावा कृष्णेच्या उगमावर. त्यावरून हा भूगोलाचा असावा इतकाच अंदाज. नद्या-संगम असतील, धरणं-नद्या असतील, घाट-रस्ते असतील. आणि नद्याच होत्या असं धरलं तरी याद्यांचा क्रम कुठे ठाऊक होता? वेण्णा आणि वारणा यांच्या जागा बदलल्या की अ-3 चुकलं. उत्तर हातात असूनही त्यावरून प्रश्न काही उभा राहत नव्हता.

बाईंनी तो प्रश्न गुणांतून वगळला. मला राग आला, माझा हक्काचा गुण गेला म्हणून. (त्या युक्तीनं पुढे दोन परीक्षांत हात दिला आणि एकीत सपशेल तोंडावर पाडलं, कारण तिथं पेपर काढणाऱ्यानं गर्दी मुद्दाम चुकीच्या पर्यायात भरली होती.)

तास संपता संपता बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं. “हरिपूर सांगलीच्या वर की खाली?” खाली, म्हणालो. “मग 2005 ला वारणा भरून आली तेव्हा सांगलीतलं पाणी लवकर का ओसरेना?” मी खडूनं कृष्णा काढली, खाली वारणा जोडली, आणि तिथंच हात थांबला. पुढचं पाणी अडलं की मागचं फुगणार. आमच्या घरात शिरलेलं पाणी त्या रेघेत दिसलं.

ती झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. चौकटीत निळ्या शाईतल्या माझ्या दोन याद्या आहेत आणि ‘ब्रम्हनाळ’वर बाईंचं लाल गोल.