‘स्पष्ट केले’ म्हणजे किती? नववीच्या वर्गातला एक जोडतास

‘भौगोलिक कारणे द्या’ या प्रश्नप्रकारासाठी आम्ही नववीला चार स्तरांचं रुब्रिक वापरतो. पहिल्या स्तरात कारण नाही किंवा चुकीचं आहे. दुसऱ्यात कारण सांगितलं आहे. तिसऱ्यात कारण स्पष्ट केलं आहे. चौथ्यात ते पूर्ण स्पष्ट करून दिलेल्या ठिकाणांना लागू केलं आहे. हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर आहे आणि प्रत्येकाच्या वहीत चिकटवलेला आहे. तरीही दोन ओळी लिहिलेला मुलगा म्हणतो, “बाई, मी स्पष्ट केलंय की!” आणि तो मनापासून म्हणतो. उत्तर कुठवर गेलं की त्याला स्पष्ट म्हणायचं, हे त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. ऑस्ट्रेलियातले मूल्यमापनतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८७ साली हेच मांडलं होतं. दर्जाचं नुसतं शब्दांतलं वर्णन पुरत नाही, त्याच्या जोडीला त्या दर्जाची प्रत्यक्ष उदाहरणं लागतात. अशा उदाहरणादाखल निवडलेल्या उत्तरांना अँकर पेपर म्हणतात.

यंदा जुलैत एका जोडतासाला मी हे अँकर पेपर मुलांच्या हातात दिले. त्या तासाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण मुलं नेमकी कुठे अडतात ते त्या दिवशी लख्ख दिसलं.

उत्तरं होती आधीच्या वर्षीच्या तुकडीची. प्रश्न होता : ‘लोणावळ्यापेक्षा पुण्यात पाऊस खूप कमी पडतो. भौगोलिक कारणे द्या.’ रस्त्यानं दोन्हींत साधारण ६५ किलोमीटरचं अंतर, पण लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि पुण्यात सुमारे ७००. पावसाळ्यात लोकलनं लोणावळ्याला जाऊन आलेल्या पुण्याच्या पोराला हा फरक अंगावरच कळलेला असतो, त्यामुळे या प्रश्नावर कोरा कागद सहसा येत नाही.

निवड करायला शेजारच्या तुकडीचे सर आणि मी बसलो. दोघांनी आधी वेगवेगळे स्तर दिले आणि मग ताडून पाहिले. ज्या उत्तरावर दोघांचा स्तर जुळला, तेच अँकर म्हणून घेतलं. त्यातही प्रत्येक स्तराच्या मधोमध बसणारं उत्तर निवडलं. तिसऱ्याच्या काठावरचं उत्तर ‘हा तिसरा स्तर’ म्हणून दाखवलं, तर मुलांना काठच मध्यासारखा वाटू लागतो. दुसऱ्या स्तराची मात्र मुद्दाम दोन उत्तरं घेतली, एक आखूड आणि एक लांबलचक. नावं काढली, मूळ मुलांची परवानगी घेतली आणि सगळी उत्तरं मी एकाच अक्षरात उतरवून काढली. शुद्धलेखनाच्या चुका आणि मुलांनी मारलेल्या अधोरेखा तशाच ठेवल्या, कारण आमच्या रुब्रिकमध्ये दोन्हींना जागा नाही आणि हेही मुलांना दिसायला हवं होतं.

एका उत्तरावर आमचं जुळलंच नाही. सर तिसरा म्हणत होते, मी दुसरा. ते अँकरांत घेतलं नाही, पण पाकिटात बाजूला ठेवलं.

आदल्या दिवशी मुलांनी स्वतः एक उत्तर लिहिलं होतं, वेगळ्याच प्रश्नावर : ‘मुंबईपेक्षा पुण्याची दैनिक तापमानकक्षा जास्त असते.’ उत्तराखाली स्वतःला वाटतो तो स्तरही लिहायचा होता. प्रश्न वेगळा ठेवण्याचं कारण सरळ आहे. अँकर आणि मुलांचा प्रश्न एकच असला, तर मुलं दर्जा बघत नाहीत, मजकूर उतरवतात. चेरापुंजी-शिलाँग दिलं असतं तरी तेच झालं असतं. तीच पर्जन्यछाया, फक्त गावांची नावं बदलायची.

तासाला चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येक गटाला पाच उत्तरं, त्यांवर फक्त क, ख, ग, घ, च ही अक्षरं. कोणतं कुठल्या स्तराचं ते मी सांगितलं नव्हतं. आधी मुलांनी स्तर लावायचे आणि का, ते उत्तरातल्या शब्दांवर बोट ठेवून सांगायचं. स्तर आधीच छापून दिले की मुलं मान डोलावतात आणि पुढे जातात. वाद घालायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

जवळजवळ प्रत्येक गटानं ‘ख’ चौथ्या स्तरावर ठेवलं. ‘ख’ म्हणजे ते लांबलचक उत्तर. पाच मुद्दे, आकडे घालून : लोणावळा सह्याद्रीत आहे, पुणे सह्याद्रीच्या पूर्वेला आहे, नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्री या वाऱ्यांना अडवतो, पुणे पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते म्हणून पाऊस कमी पडतो. ‘पर्जन्यछाया’खाली दोन रेघा. प्रत्येक वाक्य खरं आहे. ‘ग’ मात्र साडेचार ओळींचं, एकही रेघ नसलेलं, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या स्तरावर पडलं होतं. ते असं होतं :

“समुद्रावरून येणारे बाष्पयूक्त वारे सह्याद्रीमुळे वर चढतात. वर हवेचा दाब कमी असल्याने हवा पसरते व थंड होते, म्हणून बाष्पाचे पाणी होऊन लोणावळ्याला खूप पाऊस पडतो. बरेच बाष्प तिथेच संपते. पुण्याकडे हवा खाली उतरते तेव्हा ती गरम होते, म्हणून उरलेल्या बाष्पाचेही ढग नीट बनत नाहीत आणि पुण्यात पाऊस कमी पडतो.”

मी काहीच बोलले नाही. फळ्यावर एक काम लिहिलं : ‘प्रत्येक वाक्यानंतर “कसं?” असं विचारा आणि उत्तर त्याच कागदावर सापडतं का ते पाहा.’

खिडकीजवळच्या गटातल्या एका मुलीनं ‘ख’ वाचायला घेतलं. “सह्याद्री वाऱ्यांना अडवतो. कसं?” ती थांबली. पुढची ओळ वाचली, मागची वाचली. “नाहीये. अडवतो म्हणजे काय होतं ते कुठेच नाहीये.” तिच्या गटातला मुलगा म्हणाला, “पण पर्जन्यछाया लिहिलंय ना!” त्यावर ती म्हणाली, “ते नाव झालं. पाऊस का पडत नाही ते कुठंय?” मग त्यांनी हाच प्रश्न ‘ग’ला विचारला. वारे वर चढतात, मग कसं? हवा थंड होते. का थंड होते? वर दाब कमी, हवा पसरते. मग? बाष्पाचं पाणी होतं. प्रत्येक ‘कसं’चं उत्तर पुढच्या वाक्यात होतं. ‘ग’ वर सरकलं, ‘ख’ खाली. चर्चा बाकांवरून बाकांवर गेली, आणि ‘ख’ला चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर आणायला काही मुलं मनातून तयार होत नव्हती हेही दिसत होतं. एवढं लिहून दुसराच? आखूड ‘घ’ त्यांच्या मदतीला आलं. त्यात एवढंच होतं : ‘सह्याद्री मधे येतो त्यामुळे पुण्याला पाऊस कमी.’ दोन्ही शेजारी ठेवल्यावर मुलांना पटलं की ‘ख’मध्ये माहिती जास्त आहे, स्पष्टीकरण मात्र तेवढंच आहे.

तिसऱ्या स्तराचं ‘च’ सगळ्यांत उपयोगी ठरलं. त्यात हवा वर चढते, थंड होते, लोणावळ्यात पाऊस पडतो हे नीट होतं. शेवट होता : ‘पुण्यापर्यंत येईपर्यंत बाष्प संपते.’ हे चूक नाही, पण अर्धं आहे. उतरणारी हवा तापते आणि तापलेल्या हवेत उरलेल्या बाष्पाचे ढग सहज होत नाहीत, हा पूर्व उताराचा भाग त्यात नाही. तुलनेच्या प्रश्नात एकच बाजू उलगडली, तर उत्तर तिसऱ्यावर थांबतं, हे ‘च’ आणि ‘ग’ जवळजवळ ठेवल्याशिवाय मला कधी मुलांना समजावता आलं नसतं. पहिल्या स्तराच्या ‘क’वर वाद झाला नाही. ‘ढग डोंगरावर आदळून फुटतात’ असं त्यात होतं आणि ते ऐकून वर्ग ओळखीचं हसला, कारण कित्येकांनी सातवीत तेच लिहिलेलं असतं.

मग पाकिटातलं ते न जुळलेलं उत्तर काढलं. वर्ग निम्मा-निम्मा झाला. आम्हा दोघांचंही जुळलं नव्हतं असं सांगितल्यावर मुलांना फार नवल वाटलं. स्तरांमधल्या रेषा तेवढ्या पक्क्या नसतात, म्हणूनच बोर्डाकडेही परीक्षकावर नियामक असतो, हे मी त्यांना सांगितलं. ते उत्तर तसंच सोडलं.

दुसऱ्या तासात प्रत्येकानं आपलं आदल्या दिवशीचं उत्तर काढलं. शेवटच्या बाकावरच्या एका मुलानं स्वतःला तीन दिले होते. त्याचं उत्तर : ‘मुंबई समुद्राजवळ आहे आणि पुणे समुद्रापासून लांब आहे, म्हणून पुण्यात दिवसा व रात्री तापमानात जास्त फरक पडतो.’ त्यानं तीन खोडून दोन केले आणि समासात लिहिलं, ‘समुद्र काय करतो ते नाही.’ नव्यानं लिहिलं ते असं : ‘पाणी जमिनीपेक्षा हळू तापते व हळू थंड होते. त्यामुळे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे मुंबई दिवसा फार तापत नाही व रात्री फार थंड होत नाही. पुण्यात जमीन दिवसा लवकर तापते व रात्री लवकर थंड होते. म्हणून फरक जास्त.’ हा पक्का तिसरा. मुंबईच्या दमट हवेमुळे रात्रीची उष्णता धरून राहते आणि पुण्याच्या कोरड्या, निरभ्र रात्री ती निसटून जाते, एवढं आलं असतं तर चौथा झाला असता. ते मी नाही, त्याच्या शेजारच्यानं त्याला सांगितलं.

एक गोष्ट मात्र बिघडलीच. काही मुलांनी चांगल्या उत्तरांतून फक्त ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ उचललं. एकीनं लिहिलं : ‘पुणे उंचावर आहे. त्यामुळे पुण्यातली हवा कोरडी आहे.’ वाचताना हे स्पष्टीकरणासारखंच वाटतं, पण महाबळेश्वर पुण्याहून कितीतरी उंच आहे आणि पावसाळ्यात तिथली हवा कोरडी कुठे असते? नमुने दाखवले की वाक्याचा बाहेरचा साचा उचलला जाण्याचा धोका असतोच. तो ओळखायची माझी रीत अशी : ‘त्यामुळे’वर बोट ठेवायचं, पहिली गोष्ट खरी असूनही दुसरी खोटी असेल असं एखादं ठिकाण नकाशात शोधायचं. तिला महाबळेश्वर मीच दाखवलं. पुढच्या तासाला तिनं स्वतः माथेरान आणलं.

तापमानकक्षेच्या नव्या उत्तरांतून पुढच्या तुकडीसाठी मी अँकर काढायला घेतले आहेत. दुसऱ्या स्तराचे हवे तेवढे मिळाले, तिसऱ्याचेही. ‘त्यामुळे’नं सजलेलं, पण आतून दुसऱ्याच स्तराचं एक उत्तर तिच्या परवानगीनं त्यांत घेतलं आहे. चौथ्याचं एकच आहे आणि ते पानभर लांब आहे. ते एकटंच दाखवलं तर मुलं पुन्हा लांबी मोजतील. आखूड चौथ्या स्तराचं उत्तर मिळेपर्यंत लोणावळ्याचंच पाकीट वापरणार आहे.