शबात शालोम!

आज शुक्रवार. सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि हिब्रूत ‘शबात शालोम’ म्हणतात, शब्बाथ शांतीचा जावो. इस्रायलमध्ये अश्दोदला जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या की दुपारपासूनच ‘शबात शालोम’ म्हणायचं, सूर्यास्ताची वाट बघायची नाही. जोर शेवटी द्यायचा: शबा’त, शालो’म. आपण मराठी माणसं पहिल्याच अक्षरावर आपटतो, तिथं ते परकं वाटतं.

उत्तर तेच, ‘शबात शालोम’. आजी मात्र बहुतेक वेळा पुढं ‘उ-मेवोराख’ जोडतात, म्हणजे ‘आणि आशीर्वादाचा’. तो ‘ख’ घशातून खरवडून काढायचा. नुसतं ‘तोदा’ म्हणून निघालात तर आभार पोचतात, शुभेच्छा परत जात नाही.

शनिवारी दिवसभर हेच चालतं. रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. मग ‘शावुआ तोव’, आठवडा चांगला जावो. तेव्हाही ‘शबात शालोम’ म्हटलंत तर आजी हसतात.