एकोणीस दोलनं

शिफारसपत्राचा मजकूर विद्यार्थ्यानंच टाइप करून आणायचा आणि प्राध्यापकानं खाली सही-शिक्का द्यायचा, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यामुळे तोही तसाच कागद घेऊन आला, यात त्याचं काही चुकलं नव्हतं. उमरेडहून सकाळची एसटी पकडून गणेशपेठला उतरला आणि माझा पहिला तास संपायच्या आत विभागाच्या दारात उभा राहिला. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा. सध्या गावात एका शिकवणी वर्गात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो.

"मॅडम, बी.एड.ला अर्ज करतोय. आज रात्रीपर्यंत पत्र अपलोड व्हायला पाहिजे."

मी विचारलं, बी.एड.ला पत्र कशाला? आपल्या राज्यात सीईटी द्यायची, गुणवत्ता यादी लागते, फेऱ्यांमधून कॉलेज मिळतं. पत्र कोणी मागत नाही. तेव्हा त्यानं सांगितलं की अर्ज दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाचा आहे. तिथे लेखी परीक्षेबरोबर मुलाखत असते आणि शिकवणाऱ्या दोघांचा अभिप्राय थेट मागवतात. दुवा माझ्या कॉलेजच्या ईमेलवर आलेलाच होता.

त्याचा कागद वाचला. प्रामाणिक, कष्टाळू, शिस्तप्रिय, आज्ञाधारक, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. हा मजकूर बँकेच्या नोकरीलाही चालला असता आणि माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला. निवड समितीला त्यातून या मुलाविषयी एकही गोष्ट कळली नसती. मी तो बाजूला ठेवला आणि त्याच्याकडून तीन गोष्टी मागितल्या: सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, अर्जात त्यानं स्वतः लिहिलेलं निवेदन, आणि अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक.

माहितीपत्रक मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले सोळा दुसऱ्या वर्षात. म्हणजे समितीला हुशार भौतिकशास्त्रज्ञ नको असतो. हा माणूस मुलांसमोर उभा राहील का, मुलाचं उत्तर चुकलं तर ते का चुकलं हे याला दिसेल का, हे त्यांना हवं असतं. पत्रानं या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं.

माझ्याकडे उत्तर होतं. तो तिसऱ्या वर्षाला असताना रिकाम्या तासाला प्रथम वर्षाच्या प्रॅक्टिकलला येऊन बसायचा. एकदा एक मुलगी साध्या लोलकाचा प्रयोग करत होती. एक मीटर लांबी, वीस दोलनांचा वेळ, त्यावरून g काढायचा. तिचं उत्तर दर वेळी 10.9 च्या आसपास येई. अशा वेळी बहुतेक मुलं शेजारच्या जर्नलमधून 9.8 ला जुळणारी निरीक्षणं उतरवतात, आणि मदत करणारे सीनियरही तेच सुचवतात. यानं तिची वही बघितली. वेळ सारखा 38 सेकंद येत होता. 40 यायला हवा. चूक दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला, म्हणजे हात थरथरल्यामुळे झालेली नाही. तो तिला म्हणाला, "पाचच दोलनं मोज, पण मोठ्यानं." तिनं गोळा सोडला, घड्याळ सुरू केलं आणि त्याच क्षणी म्हणाली, "एक." तो काही बोलला नाही. पाच झाल्यावर एवढंच विचारलं, "तू 'एक' म्हणालीस तेव्हा गोळा किती वेळा जाऊन आला होता?" ती थांबली, बोटं मोजली आणि स्वतःच म्हणाली, "शून्य वेळा." वीस म्हणून ती एकोणीसच दोलनं मोजत होती. दोलनकाल त्या प्रमाणात कमी यायचा, आणि सूत्रात त्याचा वर्ग भागाकारात असल्यानं g एक दशांशाहून जास्त फुगायचा.

हे मला आठवत होतं, पण पत्रात लिहायचं तर खात्री हवी. आमचे प्रयोगशाळा परिचर काका तेव्हाही तिथेच होते. त्यांना विचारलं.

"तो ना मॅडम? उमरेडचा? हो, येऊन बसे. त्या पोरीले लोलकाचं त्यानंच समजावलं होतं. पण एकाले नाही, पाच-सहा जणांले शिकवे तो."

मग फॉर्म उघडला. कधीपासून ओळखता, कोणत्या नात्यानं, हे सोपं होतं. पुढे चौकटी होत्या: विषयज्ञान, संवाद, चिकाटी यांत हा विद्यार्थी पहिल्या 5 टक्क्यांत, 10, 25 की 50? साठाच्या वर्गात पाच टक्के म्हणजे तीन मुलं. विषयज्ञानात तो त्या तिघांत नव्हता. मी 25 वर खूण केली. दुसऱ्याला समजावून सांगण्यात मात्र 5 वर केली, आणि ती निःशंकपणे. सगळीकडे पहिलीच चौकट भरली की वाचणारा एकाही चौकटीवर विश्वास ठेवत नाही, आणि मग खरी खूणही वाया जाते.

खरी अडचण पुढे होती. तिसऱ्या सत्रात त्याचा गणिताचा एक पेपर राहिला होता. त्या वर्षी घरी काय चाललं होतं ते मला माहीत होतं. ते लिहिलं असतं तर समितीचं मन नक्की वळलं असतं. त्याला विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नका लिहू मॅडम. बाबांची गोष्ट आहे ती, माझी नाही."

विषय तिथेच संपला. घरातलं आजारपण किंवा पैशाची ओढाताण विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय पत्रात आणायचा मला अधिकार नाही, कितीही फायद्याचं असलं तरी. पण पेपर गुणपत्रिकेत दिसणारच, आणि आपण त्याला बगल दिली तर बाकीच्या कौतुकावरही शंका येते. म्हणून कागदावर दिसतं तेवढंच लिहिलं: तिसऱ्या सत्रात एक पेपर राहिला, पुढच्याच संधीला सुटला, आणि नंतरच्या तिन्ही सत्रांत गुण चढते आहेत. कारण दिलं नाही.

लोलकाचा प्रसंग जसा घडला तसा सहा-सात वाक्यांत लिहिला, आकड्यांसकट. शेवटी एक मर्यादाही नोंदवली: मी त्याला एकेकट्याला आणि छोट्या गटाला शिकवताना पाहिलं आहे, पूर्ण वर्गासमोर पाहिलेलं नाही. गोंगाट करणाऱ्या पन्नास मुलांना तो कसा सांभाळेल यावर मी मत देऊ शकत नाही, ते त्याच्या शिकवणी वर्गाच्या संचालकांना विचारावं. दुसरं पत्र त्यांचंच होतं, त्यामुळे दोन्ही पत्रं एकमेकांना पूरक ठरणार होती.

अभिप्राय गोपनीय होता, त्यामुळे मजकूर त्याला दाखवला नाही. पण पेपरचा उल्लेख केला आहे आणि कारण दिलेलं नाही, एवढं सांगितलं. मुलाखतीत ते विचारतील, तेव्हा दोन पत्रांत आणि त्याच्या बोलण्यात फरक पडायला नको.

"काय सांगू मग?"

"जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच. पण पेपर सोडवायला काय केलंस ते सविस्तर सांग."

तो म्हणाला, मागच्या वर्षाच्या मुलांना तोच भाग शिकवत बसलो होतो, शिकवताना मला समजला. हे मला माहीत नव्हतं. फॉर्म अजून पाठवला नव्हता, पण ते मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून पत्रात घातलं नाही. मुलाखतीत हेच पहिल्यांदा सांग, म्हटलं, आणि सबमिटचं बटण दाबलं.