आमची वाटचाल: चार दुकानं, एक साठा

इंदूरच्या सियागंजातल्या मुख्य दुकानानंतर आम्ही देवास, पीथमपूर आणि उज्जैनला बेअरिंगची दुकानं उघडली. सुरळीत गेलेल्या वर्षांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लिहायचं आहे ते एका वर्षाबद्दल. चारही गोदामं भरलेली होती, बँकेची सीसी लिमिट संपलेली होती आणि गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जात होतं.

पीथमपूरच्या एका कारखान्यातले फोरमनसाहेब आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बेअरिंग शाफ्टवर पकडणाऱ्या स्लीव्हचा नट आवळताना फीलर गेजची पाती रोलरवरून सरकवून क्लिअरन्स किती कमी झाला ते ते प्रत्येक वेळी मोजतात. त्यांना २२२१८ के, सी३ नंबरचं बेअरिंग हवं होतं. पीथमपूरला एकही नग नव्हता. उज्जैनला तीन होते, पण तिथल्या काउंटरवाल्यानं ते आपल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवले होते, रजिस्टरला चढवलेच नव्हते. जोडीची एच३१८ स्लीव्ह देवासला. साहेबांनी समोरच्या नव्या दुकानातून माल घेतला. ते दुकान काढणाऱ्यानं बेअरिंगचे नंबर आमच्याच काउंटरवर पाठ केले होते, आणि ते आजही सलतं. साहेब आठवड्यानं आले आणि एवढंच म्हणाले, “सामान तुमच्याकडेच होतं. तुम्हालाच माहीत नव्हतं.”

तेव्हा प्रत्येक नंबरची आवक-जावक लिहिलेली बिन कार्डं काढून बसलो. २२२१८ दर दुकानी आठवड्याला सरासरी २ नग जात होतं, पण खप सारखा नव्हता. कधी शून्य, कधी पाच. खप सरासरीपासून किती हलतो ते सांगणारं प्रमाण विचलनही २ च निघालं. कंपनीकडून माल यायला चार आठवडे, म्हणून त्या काळातलं विचलन २ गुणिले √४, म्हणजे ४. शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल संपू नये असं धरलं तर १.६५ नं गुणायचं, साधारण ७ नग. चार दुकानांत मिळून २८ नग नुसते खबरदारीचे.

हेच एका जागी ठेवलं तर? चार दुकानांचं विचलन बेरजेनं वाढत नाही, वर्गमुळानं वाढतं. एका दुकानात खप चढतो तेव्हा दुसऱ्यात उतरलेला असू शकतो. ४ गुणिले √४ म्हणजे ८, आणि १.६५ नं गुणून १४ नग. खबरदारीचा साठा निम्मा झाला. मात्र चार आठवड्यांचा नेहमीचा खप, चारही दुकानांचा मिळून ३२ नग, तेवढाच राहतो. सगळाच साठा निम्मा होतो असं समजून ऑर्डर कमी करणारे पुढच्याच महिन्यात अडकतात.

मग सगळंच सियागंजात आणायचं का? नाही. ६२०५ झेडझेड बघा. दर दुकानी आठवड्याला १०० नग, विचलन १५. एकत्र केल्यानं खबरदारीचे सुमारे १०० नग वाचतात, म्हणजे एका दुकानाचा एका आठवड्याचा खप. नग स्वस्त, आणि मोटर रिवाइंडिंगवाला उद्याची गाडी येईपर्यंत थांबत नाही, समोर जातो. तो माल दुकानातच हवा. महाग, हळू जाणारा, ज्याचं विचलन सरासरीएवढं किंवा जास्त आहे, तोच मध्यवर्ती ठेवावा, आणि बेअरिंग आणि स्लीव्ह एकाच रॅकवर.

या हिशेबाचा एक कच्चा दुवा आम्हाला नुकसान सोसून कळला. चार दुकानांचे खप एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच वर्गमूळ चालतं. माळव्यात सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास येतं आणि त्याआधी त्याचं तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटची दुरुस्ती सगळीकडे एकदमच निघते. खप एकत्र चढतो. दुकानांचे खप किती जोडीनं हलतात त्याचं माप, म्हणजे सहसंबंध, ०.५ धरला तर १४ च्या जागी २१ नग लागतात. १ धरला तर परत २८, बचत शून्य. म्हणून हा हिशेब वर्षभराच्या सरासरीवर करू नये, ऑगस्ट-सप्टेंबरची कार्डं वेगळी काढून करावी.

नव्या दुकानदारांना सांगतो, माल एका छताखाली आणायलाच हवा असं नाही. चारही दुकानांचा साठा सगळ्यांना दिसला आणि कोणी मागितला तर देणं बंधनकारक असलं, तरी बराचसा फायदा मिळतो, फक्त गाडीचा एक दिवस धरावा लागतो. राखून ठेवलेला नग हिशेबातून बाद होतो. तो कसा ओळखायचा? कार्डावर महिनोन्महिने एकच शिल्लक दिसत असेल आणि दुकानातून त्याच नंबरची तातडीची मागणी येत असेल, तर रॅकमागे जाऊन बघा.

आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २२२१८ चे दोन-दोन नग स्लीव्हसकट तिन्ही दुकानांना जातात, आणि उरलेले दिवाळीनंतर सियागंजात परत येतात.