बाबांच्या जुन्या भागांतून माझा पहिला संगणक

बाबांनी जपून ठेवलेला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ४ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या जोडून मी आज सकाळी बटण दाबले, तेव्हा पंखा फिरला. पडदा मात्र काळाच राहिला आणि बोर्डावरच्या चिमुकल्या स्पीकरमधून लांब बीप पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागली. मी घाईघाईने दोन्ही पट्ट्या काढून अदलाबदल करून बसवल्या, केबलही बदलली आणि नेमके काय बिघडले आहे हे कळण्याची वाटच बंद करून टाकली.

बाबा एवढेच म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदल."

मग वीज तोडून, उरलेला भार निघून जावा म्हणून बटण दाबून, मी एकच पट्टी घेतली. तिच्या सोनेरी कडेवर काळपट थर चढला होता. तो साध्या खोडरबराने हलकेच पुसला, भुकटी झटकली आणि दोन्ही टोकांच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत पट्टी दाबली. (इतका जोर लावावा लागतो, याची मला खरोखर भीती वाटली.) या वेळी एकच छोटी बीप आली आणि पडदा उजळला. दुसरी पट्टी त्याच खाचेत चालली, पण शेजारच्या खाचेत नाही. विजेरीच्या उजेडात पाहिले, तर आत धुळीचा बोळा अडकला होता.

रात्री ८ जीबी दिसली. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे घड्याळ मात्र अजून २००९ साल दाखवते आहे.